पिवळ्या बॉक्सची गोष्ट

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी हा विषय फक्त 'पास होण्यापुरता' होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर सबमिशनला सर जसं बघून न बघितल्यासारखं करतात, तसं करा. मॅगझिनच्या मराठी विभागात मी लिहितेय हे कळल्यावर माझी रूममेट अर्धा तास हसत होती. पण जी गोष्ट सांगायची आहे ती एका मराठी पाटीचीच आहे, त्यामुळे ती इंग्रजीत लिहिणं बरं दिसलं नसतं.

साताऱ्यात आमचं मिठाईचं दुकान आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर संपादक म्हणतील फुकटात जाहिरात करून घेतली! 1984 साली आजोबांनी ते सुरू केलं. साताऱ्याचे कंदी पेढे तुम्हाला माहीतच असतील. खवा कढईत चांगला भाजून केलेले, तपकिरी, जरा खरखरीत. दुकानाला नाव आजोबांचंच, आणि त्याच्यापुढे 'अँड सन्स'. सन्स म्हणजे माझे बाबा आणि काका. तेव्हा बाबा नववीत होते आणि काका सहावीत, पण पाटीवर त्यांची नेमणूक आधीच झाली होती. आता दुकान मुख्यतः माझा चुलत भाऊ, म्हणजे दादा बघतो. बाबा गल्ल्यावर बसतात, काका भट्टी सांभाळतात. आणि मी? मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे घरच्यांच्या मते "कॉम्प्युटरमधलं सगळं कळणारी".

तर झालं असं, की 2024 च्या गणपतीत मी घरी गेले तेव्हा घरात शीतयुद्ध चालू होतं. दुकानाला चाळीस वर्षं झाली म्हणून दादाने पुण्याच्या एका एजन्सीकडून कोटेशन आणलं होतं. सगळंच नवीन. नवीन इंग्रजी नाव (पाच अक्षरी, त्याचा अर्थ मला अजून कळलेला नाही), नवा लोगो, काळा-सोनेरी बॉक्स, दुकानाला काचेचा दर्शनी भाग. एजन्सीची फी चार लाख वीस हजार, फर्निचर वेगळं. बाबांनी कोटेशन वाचलं, घडी घातली आणि चष्म्याच्या केसमध्ये ठेवून दिलं. त्यानंतर तीन दिवस ते दादाशी फक्त खव्याबद्दल बोलत होते.

दादाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आमच्यासमोर एका मोठ्या कंपनीचं चकाचक दुकान उघडलंय. ऑनलाइन ऑर्डरच्या ॲपवर आमचा लोगो इतका लहान दिसतो की त्यातलं काहीच कळत नाही. लोगोत एक गाय, शेजारी दुधाची घागर आणि मागे उगवता सूर्य आहे. मी तो ॲपच्या आकाराला, म्हणजे 48 पिक्सेलला छोटा करून माझ्या रूममेटला दाखवला. ती म्हणाली, "क्यूट आहे. कुत्रा आहे ना?"

बाबांचं म्हणणं एकच. "पाटीवर माझ्या बापाचं नाव आहे." यावर कोण काय बोलणार?

शेवटी आजीने निकाल दिला. "ही शिकतेय ना एवढं? हिला विचारा. हिचं कुणाशीच भांडण नाही." झालं! म्हणजे ज्या मुलीला 'सन्स'मध्ये जागाच नव्हती, तिच्याकडे पाटीचा निवाडा आला.

मी आधी एक साधं काम केलं. दादाला विचारलं, "आपला नेमका प्रॉब्लेम काय आहे?" तो म्हणाला, "ब्रँड म्हातारा झालाय, सेल पडतोय." मग मी 2019 च्या आणि 2023 च्या वह्या काढल्या. (2020 आणि 2021 घेतली नाहीत, ती वर्षं लॉकडाउनची.) यात एक गोम आहे. रुपयांत बघितलं तर सेल वाढलेलाच दिसतो, कारण भाव वाढले. म्हणून मी रुपये सोडून किलो मोजले. दिवाळीच्या आसपासचे दोन महिने आणि बाकीचं वर्ष असे वेगळे केले, आणि सुटा माल आणि भेटीचे बॉक्स असेही वेगळे केले. दोन रात्री गेल्या, पण चित्र स्वच्छ निघालं. काउंटरवरचा सुटा कंदी पेढा जवळजवळ जेवढ्यास तेवढा होता. पडला होता तो दिवाळीचा भेटीचा बॉक्स. बँका, पतपेढ्या, दवाखाने जे शंभर-शंभर बॉक्स न्यायचे, ते आता सुक्या मेव्याचे कप्पे असलेले बॉक्स देतात. आमच्याकडे फक्त अर्धा किलो आणि एक किलोचा खोका, आत कप्पे नाहीत, मिक्स मिठाई भरली की पेढ्याला बर्फीचा वर्ख लागतो.

म्हणजे रोजचं गिऱ्हाईक आम्हाला सोडून गेलेलंच नव्हतं. दुखणं पायाला होतं आणि दादा चष्मा बदलायला निघाला होता.

तरीसुद्धा लोगोचा प्रश्न उरतोच. कुत्रा तो कुत्राच. आता ठरवायचं होतं की कशाला हात लावायचा आणि कशाला नाही. इथे मला 2009 सालचं अमेरिकेतलं ट्रॉपिकाना ज्यूसचं उदाहरण सापडलं. त्यांच्या खोक्यावर संत्र्यात खोचलेली स्ट्रॉ असं चित्र होतं. कंपनीने ते काढून तिथे ज्यूसचा ग्लास दाखवला, अक्षरंही बदलली. आतला ज्यूस तोच. पण लोकांना दुकानात आपला खोकाच सापडेना. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे 20 टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने मुकाट्याने जुना खोका परत आणला. मी हे मोठ्या उत्साहाने दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "ते ज्यूस. आपण पेढे. आणि ते अमेरिका."

तेवढ्यात काका भट्टीवरून म्हणाले, "अरे, आपल्याकडं झालंय की हे. ते पांढरे खोके विसरलास व्हय?"

झालं होतं असं. 2023 च्या दिवाळीत प्रिंटरकडून पिवळे बॉक्स वेळेत आले नाहीत. तेव्हा दादाने बाजारातून दोनशे पांढरे कोरे खोके आणले आणि त्यावर आमचं नाव आणि गाय असलेलं स्टिकर लावलं. म्हणजे लोगो तोच, नाव तेच, पेढा तर त्याच कढईतला. तरी चार दिवसांत किमान दहा-बारा जण येऊन म्हणाले, "या वेळी पेढं बदलल्यात काय? पहिल्यासारखं न्हाई लागलं." एक आजोबा तर खोका परत घेऊन आले, हे दुसरीकडचे आहेत म्हणून. बाबांनी त्यांना त्याच ताटातले पेढे पिवळ्या बॉक्समध्ये भरून दिले, आणि आजोबा खूश होऊन गेले!

मला वाटलं, अरे, हा तर एक्सपेरिमेंटच झाला की. लोगो ठेवून रंग काढला तर लोकांना दुकान ओळखू येत नाही. मग उलटं काय होईल? रंग ठेवून लोगो काढला तर?

हे तपासायला मी सरळ कागद आणि चार स्केचपेन घेऊन काउंटरवर बसले. एक रविवार आणि एक सोमवार. नेहमीच्या गिऱ्हाइकांना म्हणायचं, "काका, आपल्या बॉक्सचं चित्र काढून दाखवा ना. कपाटाकडे बघायचं नाही." बॉक्स सगळे आधीच आत ठेवले होते आणि बाहेरच्या पाटीवर साडी टाकली होती. (आजीची. परत देताना तुपाचा डाग पडला, त्याचं वेगळं महाभारत.) लोक लाजले, हसले, पण 43 जणांनी चित्रं काढली. ती मी अजून जपून ठेवली आहेत. त्यातल्या 38 जणांनी पिवळा रंग घेतला. 31 जणांनी अक्षरं लाल काढली. 17 जणांनी बॉक्सला बांधतो तो लाल-पांढरा दोराही काढला, ज्याचा आमच्यापैकी कुणी विचारही केला नव्हता. गाय काढली फक्त 9 जणांनी, त्यातल्या चौघांची गाय उलट्या दिशेला तोंड करून होती. सूर्य दोघांनी. आणि 'अँड सन्स' लिहिणारा माणूस एकही नव्हता. शून्य. मी दोनदा मोजलं.

यात एक दोष आहे आणि तो व्हायव्हात कुणीही विचारेल. हे सगळे लोक आधीच आमच्या दुकानात आलेले होते. जे येत नाहीत त्यांना मी विचारलंच नाही. म्हणून पुण्याला परत आल्यावर होस्टेलमधल्या, सातारा कधी न बघितलेल्या 25 मुलींना दुकानाचा फोटो दाखवला आणि विचारलं, इथे काय मिळत असेल? निम्म्याहून जास्त जणी म्हणाल्या, "दूध डेअरी आहे का?" गायीमुळे! म्हणजे जुन्या लोकांना गाय आठवत नाही आणि नवीन लोकांना गाय चुकीचं सांगते. बिचारी गाय दोन्हीकडून गेली.

आता उत्तर जवळजवळ दिसायला लागलं होतं. पिवळा रंग, लाल अक्षरं, दोरा आणि आजोबांचं नाव ही आमची खरी जमा, तिला हात लावायचा नाही. गाय, घागर आणि सूर्य काढले तरी फारसं कुणाचं नुकसान नाही. म्हणजे पूर्ण रिब्रँडिंग नको, लोगो तेवढा धुऊनपुसून घ्यायचा. पण 'धुऊन घ्यायचा' म्हणजे काय? हे कळायला मला जुन्या पेंटरकाकांकडे जावं लागलं.

1984 ची पाटी ज्यांनी रंगवली ते पेंटरकाका आता सत्तरीच्या पुढे आहेत. फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम गेलं. मी आमच्याकडचे वेगवेगळ्या वर्षांचे पाच बॉक्स घेऊन गेले होते. त्यांनी ते ओट्यावर ओळीने मांडले आणि म्हणाले, "पोरी, ह्यातला एक बी माझा न्हाई."

आणि खरंच! एकाशेजारी एक ठेवल्यावर मला पहिल्यांदा दिसलं. पाचही पिवळे वेगळे. एक लिंबासारखा, एक जवळजवळ नारिंगी. कारण विचारलं तर प्रिंटिंग प्रेसवाल्यांनी समजावलं. आमचा पिवळा चार रंगांच्या छपाईत पिवळ्या शाईवर गुलाबी शाईचे बारीक ठिपके टाकून तयार होतो. ठिपके जरा जास्त पडले की रंग नारिंगीकडे झुकतो. प्रत्येक प्रेसचं प्रमाण वेगळं. त्यापेक्षा शाई आधीच मिसळून एकच ठरलेला रंग लावला, ज्याला ते स्पॉट कलर म्हणतात, तर प्रत्येक वेळी रंग तोच येतो. ज्या दुकानाची निम्मी ओळख पिवळ्या रंगात आहे, त्या दुकानाने चाळीस वर्षांत तो पिवळा कुठे लिहूनच ठेवला नव्हता!

अक्षरांचंही तेच. कधीतरी एका प्रिंटरने आजोबांचं नाव सरळ फॉन्टमध्ये टाइप करून छापलं. मग पुढच्याने त्या बॉक्सचा फोटो काढून तोच मोठा केला. त्यामुळे कडा फाटल्यासारख्या दिसायच्या. मूळ फाइल अशी नव्हतीच. लोगो चाळीस वर्षं बदलला नाही असं बाबा म्हणत होते, पण तो दर तीन-चार वर्षांनी कुणाला न विचारता आपोआप बदलत होता.

पेंटरकाकांनी मला त्यांचं अक्षर समजावलं. खडू लावलेला दोरा दोन्ही टोकांना ताणून पत्र्यावर टणकन सोडायचा, म्हणजे सरळ रेघ उमटते. तीच शिरोरेघ. ती त्यांनी मुद्दाम जाड ठेवली होती, कारण पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचता आली पाहिजे. आणि नावातल्या जोडाक्षरात दोन अक्षरांच्या मधली फट त्यांनी मोठी ठेवली होती. "फट बुजली की लांबून गोळा दिसतोय. फॉन्टवाल्यानं ती बुजवली बघ." कॉन्व्हेंटमध्ये मी जोडाक्षरांना जाम घाबरायचे. अर्धा कुठला आणि पूर्ण कुठला, यात माझे मार्क जायचे. त्या दिवशी पहिल्यांदा जोडाक्षर नीट बघितलं.

मूळ पत्र्याची पाटी आमच्या गोडाउनमध्ये तुपाच्या डब्यांमागे होती. ती पुसून, भिंतीला सरळ टेकवून, लांबून ट्रायपॉडवर फोटो काढला. जवळून काढला तर कडेची अक्षरं तिरकी होतात. मग इंकस्केपमध्ये त्यावरून अक्षरं गिरवली. सॉफ्टवेअरला आपोआप गिरवायला सांगितलं तर ते पत्र्याचा प्रत्येक पोपडा म्हणजे अक्षराची कड समजतं आणि शेकडो बिंदू टाकतं. हाताने केलं तर एका अक्षराला बारा-पंधरा बिंदू पुरतात आणि वळण गुळगुळीत येतं. चार संध्याकाळी लागल्या. ॲपच्या छोट्या चौकोनासाठी फक्त आजोबांच्या नावाचं पहिलं अक्षर ठेवलं, पिवळ्यावर लाल, जाड शिरोरेघेसकट. रूममेटला 48 पिक्सेलमध्ये दाखवलं. या वेळी कुत्रा दिसला नाही.

दादा मात्र अजून मानत नव्हता. त्याचा सगळ्यात चांगला मुद्दा त्याने शेवटी काढला. "कास पठार, महाबळेश्वरला जाणारे टुरिस्ट हायवेवरून येतात. बंगळूरूकडच्या माणसाला मराठी पाटी वाचता येते का?" मुद्दा बरोबर होता. पण महाराष्ट्रात 2022 पासून छोट्या दुकानांनाही मराठी पाटीचा नियम लागू झालाय. मराठी नाव देवनागरीत, आधी, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. म्हणजे एजन्सीचं ते इंग्रजी नाव नुसतं इंग्रजीत लावताच आलं नसतं, ते मराठीत त्याच्याएवढं लिहावं लागलं असतं, आणि मराठीत ते वाचायला भयंकर होतं. त्यापेक्षा वर मराठी नाव आणि खाली इंग्रजीत नाव आणि 'कंदी पेढे' एवढं लिहिलं तर हायवेवाल्याचंही काम होतं. गायीची जागा रिकामी झालीच होती.

दुसरा मुद्दा वकीलकाकांनी काढला. आमच्या नावाचं ट्रेडमार्क रजिस्ट्रेशन कधी झालंच नव्हतं. ते म्हणाले, नवीन नाव घेतलं तर अर्जात वापर आजपासून धरला जाईल. जुनं नाव ठेवलं तर 1984 पासून वापरतोय असं शपथेवर सांगता येईल, मात्र पुरावा पाहिजे. पुरावा म्हणजे जुनी बिलबुकं आणि गुमास्ता लायसन्स. बाबांनी ती सगळी लोखंडी कपाटातून काढली, एकही कागद गहाळ नव्हता. वकीलकाकांनी असंही सांगितलं की आधी नुसत्या नावाची नोंद करा, चित्राची नको. चित्राची केली तर संरक्षण त्या चित्राला मिळतं, आणि चित्र परत बदललं की परत अर्ज. नावाची केली तर अक्षरांचं वळण कसंही बदललं तरी चालतं. मिठाईसाठी वर्ग 30 आणि छोट्या व्यवसायाला ऑनलाइन फी 4,500 रुपये. माणसाच्या नावावर हरकत येऊ शकते, तेव्हा इतक्या वर्षांचा वापर दाखवणंच कामाला येतं. चाळीस वर्षांचं नाव ही नुसती भावना नाही, ती कागदावरची मालमत्ता आहे, हे दादाला त्या दिवशी पटलं.

मी दादाला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. सगळं बदलणं कधी बरोबर असतं? नावावरून कुणाशी कोर्टात वाद असेल, किंवा नाव खराब झालं असेल, किंवा धंदाच बदलला असेल. उद्या आपण पेढे बंद करून बेकरी काढली, तर मी स्वतः नवीन नाव शोधेन. पण यातलं आपल्याकडे आज काहीच नाही.

मग खर्च मांडला. पूर्ण बदलात एजन्सीची फी तर होतीच, शिवाय छापून पडलेले सुमारे अठरा हजार पिवळे बॉक्स रद्दीत गेले असते. आमच्या पद्धतीत बॉक्सचा आकार तोच, त्यामुळे पुठ्ठा कापायची डाय तीच, फक्त छपाईच्या प्लेट नवीन. जुने बॉक्स संपतील तसे नवीन आणायचे, कारण दोन्ही पिवळे-लालच, शेजारी शेजारी चालून जातात. पाटी, प्लेट, नवीन पिशव्या आणि ट्रेडमार्क धरून सगळं नव्वद हजारांच्या आत बसलं. उरलेल्या पैशातून दादाला त्याचा नवीन बॉक्स मिळाला, पाव किलोचा, आत चार कप्पे, दिसायला देखणा. पण पिवळाच! बदल दिवाळीत करायचा नाही, हेही ठरलं. गर्दीच्या वेळी प्रिंटर चुकला तर परत पांढरे खोके आणावे लागतील.

आता राहिलं 'अँड सन्स'. मी नवीन चित्र काढलं तेव्हा ते खाली बारीक अक्षरांत ठेवलं होतं. खरं सांगते, मुद्दाम ठेवलं होतं. 43 पैकी शून्य हा आकडा माझ्याकडे होता, पण तो बाबांसमोर मांडायचं धाडस माझ्यात नव्हतं. आजोबांनी हौसेने लिहिलेले दोन शब्द. आणि ते मी काढले तर त्याचा अर्थ काय होईल, ते माझं मलाही नीट माहीत नव्हतं. मला कॅम्पस प्लेसमेंट हवीय की गल्ला, हे कुणी विचारलंही नव्हतं.

जेवणं झाल्यावर सगळे टेबलाभोवती प्रिंटआउट बघत होते. दादा म्हणाला, "खालची ओळ बॉक्सच्या कडेला छापली जाणार नाही. बारीक आहे, शाई भरेल." ते खरंच होतं. बाबांनी चष्मा काढून ओळ जवळून बघितली. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "जागा नाही म्हणतोय ना तो? मग काढ." एवढंच. आजी पान लावत होती, ती मान वर न करता म्हणाली, "ह्यांनी लिहिलं तेव्हा ही कुठं होती?"

2025 च्या गुढीपाडव्याला नवीन पाटी लागली. पेंटरकाकांना रिक्षाने आणलं होतं. त्यांनी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं आणि लांबूनच हात वर केला. मी सकाळपासून गिऱ्हाइकांची तोंडं वाचत होते. बहुतेकांना काही कळलंच नाही. एक काकू म्हणाल्या, "पाटी पुसलीत वाटतं, छान केलंत." दादा हिरमुसला. मला मात्र सबमिशन पहिल्या फटक्यात चेक झाल्यासारखं वाटलं.

नवीन पाटीने सेल वाढला का? तर नाही. पाटीने वाढावा अशी अपेक्षाही नव्हती. कप्प्यांचा बॉक्स राखीपौर्णिमेला बरा गेला, दिवाळीत काय होतं ते किलोमध्ये मोजू.

बिलावर मात्र अजून 'अँड सन्स' आहे, कारण भागीदारीच्या कागदावर फर्मचं नाव तेच. ते बदलायचं तर नवीन कागद करावा लागेल आणि त्यावर सगळ्या भागीदारांच्या सह्या लागतील. परवा फोनवर दादा म्हणाला, "कागद करायचाच असेल तर एकदाच करू. तुझी सही धरून करायचा की सोडून, ते सेमिस्टर संपल्यावर सांग."

सेमिस्टर संपायला अजून दोन महिने आहेत.